तळेगावच्या अलीकडे थांबलेला पासवर्ड

आमच्या ह्यांना एकच खोड आहे, पण ती अशी की बाकी खोडी असायची गरजच पडली नाही. घरात एखादी गोष्ट नीट चाललेली असली की ह्यांना स्वस्थ बसवत नाही. पंखा छान फिरतोय, तर हे स्टुलावर चढून त्याचे स्क्रू आवळणार. नळ गळत नाही, तर गळू नये म्हणून आधीच वॉशर बदलणार, आणि मग तो गळायला लागणार. आयुष्यभर रेल्वेच्या तिकीटखिडकीत बसून गाड्या वेळेवर गेल्या की नाही ते पाहिलं, आता निवृत्तीनंतर पाहायला आमचं कुसगावचं घर उरलंय.

तर त्या शुक्रवारी ह्यांनी घरच्या वायफायचं कुलूप बदललं.

कारण अगदीच नव्हतं असं नाही. वरच्या दोन खोल्या आम्ही शनिवार-रविवारी पाहुण्यांना देतो. जुना पासवर्ड वरच्या जिन्यात भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवलेला होता, कारण दर पाहुण्याला सांगून सांगून माझा घसा बसायचा. मग काय, येऊन गेलेले पाहुणे गेटाबाहेर गाडी लावून आमच्या वायफायवर नकाशे बघत. शेजारच्या बांधकामावरची मंडळी दुपारी आमच्या कुंपणाला टेकून बसत. ती काही सावलीसाठी बसत नव्हती. मला त्याचं काही वाटत नव्हतं. ह्यांना वाटलं. व्हॉट्सॲपवर कुणीतरी काहीतरी पाठवलं, दुसऱ्याच्या वायफायवरून कुणी काही उद्योग केले तर पोलिस तुमच्या दारात, वगैरे. झालं. शुक्रवारी दुपारी चष्मा नाकावर घेऊन राउटरच्या पानात शिरले आणि संध्याकाळी मिशीला पीळ देत बाहेर आले.

"आता कुणाचा बाप आला तरी घुसायचा नाही," म्हणाले.

बापच बाहेर अडकला, ते रविवारी कळलं. तोही माझा.

माझे वडील, आबा, आमच्याकडे राहायला येऊन तेव्हा काही महिने झाले होते. पवन मावळात आमचं गाव, डोंगराच्या कडेला चार घरं आणि खाली भातखाचरं. गोठ्यात घसरून पडले आणि खुबा मोडला. ऑपरेशन तळेगावला झालं, आणि तिथून उचलून मी त्यांना सरळ इथे आणलं, कारण गावात भाऊ एकटा, त्याची बायको शेतावर, बघणार कोण? मागची खोली त्यांना दिली. वॉकर धरून न्हाणीपर्यंत जात, एवढीच काय ती मजल. डोळ्यांचंही तसंच. एकाचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याला मधलं दिसत नाही, कडेकडेचं दिसतं. माणूस आवाजावरून ओळखत. मोबाईलवर काही दाखवलं तर म्हणत, "ह्यात मला निस्ता धुरळा दिसतोय." पण भिंतीवरचा मोठा टीव्ही पुढ्यात असला की चित्र कळायचं. तो टीव्ही पाहुण्यांसाठीच घेतला होता, फार जुना झाला म्हणून वरून काढून आबांच्या खोलीत लावलेला. पाठीमागे मोठं पोट नाही, पण डोकं मात्र म्हाताऱ्याचं.

आणि आबांना काय बघायचं असायचं? मालिका नाहीत, कीर्तन नाही. बैलगाडे.

मावळातला माणूस, त्यात गाड्याचा शौकीन. आता घाटावरच्या शर्यती तिथली पोरं मोबाईलवरून थेट दाखवतात, निवेदकाचा आवाज सुटत नाही सकाळपासून संध्याकाळपर्यंत. ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते, आमच्याकडच्या गाड्यावर कुणी हाकणारा बसत नाही. चार बैल जुंपायचे, पुढे घोडी, सोडणाऱ्यांनी सोडायचे आणि बाजूला उड्या मारायच्या. बैलांनी आपलं आपण चढावर निशाणापर्यंत धावायचं. त्या चढाला म्हणायचं घाट, आणि अशा एका धावेला बारी. बारा-पंधरा सेकंदांचा खेळ. त्यासाठी माणसं वर्ष वर्ष बैल सांभाळतात, स्वतः भाकरी-चटणी खाऊन त्याला अंडी-दूध घालतात.

आबांचा एक पांढरा होता. गाय त्याला जन्म देऊन लगेच गेली, तर आबांनी त्याला बाटलीनं दूध पाजून वाढवला. माझ्या भावाला एवढं पाजलं नसेल. तो मोठा झाला, देखणा झाला, पळायलाही अव्वल निघाला, फक्त एक नाटक होतं. आबांशिवाय तो जुवाखाली उभा राहायचा नाही. आबांनी मानेवर हात ठेवायचा, जिभेनं टक्‌टक्‌ करायचं, मग साहेब तयार. आबा पडल्यावर भावानं एका लहानशा घाटावर त्याला नेऊन पाहिलं, तर पठ्ठ्या जुंपता जुंपता खाली बसला. चारचौघांत हसं झालं. भाऊ चिडला. त्याला शेत बघायचं, गोठा बघायचा, आणि हा नवाब सांभाळायचा कधी? खेडकडचा एक गाडामालक पांढऱ्याला मागत होता. भावानं मला फोन केला, "ताई, तूच बोल आबांशी. मला न्हाई जमायचं त्याला सांभाळायला."

मी बोलले. आबा भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. दोन दिवसांनी म्हणाले, "रविवारी घाट हाय ना? तितं त्याला जुंपा. मी बघतो. मग सांगतो इकायचा का न्हाई. मी बघितल्याबिगर दावं सोडायचं न्हाई."

म्हणजे ठरलं असं. रविवारी पांढरा पळणार, गाडामालक टेम्पो घेऊन घाटावरच हजर राहणार, आबा टीव्हीवर बघणार, आणि हो किंवा नाही सांगणार. हो म्हटलं तर बैल घाटावरूनच टेम्पोत चढणार. नाही म्हटलं तर परत गोठ्यात.

मला मनातून नाहीच हवं होतं. कारण आबा रोज सकाळी वॉकर धरत ते त्या बैलाच्या नावानं. "दिवाळीपातूर जातो मी गावाला, माजा पांढरा वाट बघतोय." तो गेला तर हे चालायला कशासाठी शिकतील, असं माझं सरळ गणित होतं. तेव्हा पांढऱ्यानं रविवारी वाऱ्यासारखं पळावं आणि आबांनी तोंड भरून नाही म्हणावं, असं देवाला सांगून मी मोकळी झाले होते.

रविवारी सकाळी आबांना आंघोळ घातली, स्वच्छ टोपी मागितली त्यांनी. नवरदेवासारखे उशीला टेकून बसले. मी टीव्ही लावला. डिशची वाहिनी आली, बातम्या आल्या. यूट्यूब उघडलं तर कोऱ्या पडद्यावर गोल गोल फिरायला लागलं, आणि मग आलं की इंटरनेट नाही.

"अहो!" मी ओरडले.

हे दाढीचा फेस घेऊनच आले. "नवीन पासवर्ड टाकावा लागेल त्याला. मी सांगतो, तू टाक."

"काय आहे?"

"मळवली, कामशेत, कान्हे, वडगाव, तळेगाव, घोरावाडी. इंग्रजीत, सगळं लहान अक्षरात, मध्ये जागा नाही."

मी रिमोट हातात धरून ह्यांच्याकडे बघतच राहिले. घोरावाडीच्या तिकीटखिडकीवर ह्यांची किती वर्षं गेली, लोणावळ्याहून लोकलनं जायचे. जातानाची सगळी स्टेशनं ओळीनं पासवर्डात घातली होती. "कुणाला सुचणार नाही आणि मी कधी विसरणार नाही," म्हणाले. अभिमान तर असा, की रूळ ह्यांनीच टाकलेत.

ज्यानं रिमोटच्या बाणांनी टीव्हीवर अक्षरं टाकलीत त्यालाच हे दुःख कळेल. एक अक्षर, मग पाच वेळा उजवीकडे, दोनदा खाली, ओके. चुकलं की मागे. मळवली झालं. कामशेत झालं. आबा म्हणाले, "हे काय चाललंय?" म्हटलं, "लोकल चाललीय आबा, बसा." कान्हे, वडगाव. तळेगावच्या निम्म्यात आल्यावर टीव्ही अक्षरच घेईना. ओके दाबलं, दाबलं, रिमोटच्या पाठीवर थापट मारली, सेल बदलले. चौकट भरली होती. त्या जुन्या टीव्हीच्या चौकटीत तेवढीच अक्षरं मावत होती, त्याच्या पुढचं त्याला ऐकूच जात नव्हतं.

"गाडी तळेगावच्या अलीकडे थांबली," मी म्हटलं. "घोरावाडीला जात नाही. आता काय, उतरू?"

"असं कसं? पासवर्ड चांगला साठ-पासष्ट अक्षरांपर्यंत चालतो. मी वाचलंय."

"राउटरला चालत असेल! टीव्हीला विचारलं होतं का?"

तेवढ्यात भावाचा फोन आला, वायफायवरूनच, कारण मागच्या खोलीत डोंगरामुळे रेंज म्हणून येत नाही. मागून भोंग्याचा गोंगाट. म्हणाला, गाडे सुटायला लागलेत, आपली बारी दुपारच्या आत-बाहेर कधीही येईल, चिठ्ठ्या निघालेल्या आहेत पण मधले दोन-चार आलेले नाहीत. आबांनी हात पुढे केला. "पाणी पाजलं का त्याला? थंड न्हाई ना? उनाचं कुटं बांदलाय?" सगळं विचारून झालं, मग म्हणाले, "मी बघतोय हितनं." आणि आमच्याकडे वळून, "बघतोय न्हवं मी?"

"होय हो आबा," मी म्हटलं.

आता पासवर्ड लहान करणं हे सोपं काम, असं तुम्हालाही वाटेल. ह्यांना वाटेना. वरती चार तरुण पाहुणे नव्या पासवर्डानं लागले होते, गेटावरचा कॅमेरा लागला होता. सगळं पुन्हा जोडावं लागेल. "आणि फक्त एका टीव्हीसाठी?" हे म्हणाले.

मग माझं जे तोंड सुटलं ते लिहीत नाही. शेवटी एवढंच म्हटलं, की माझ्या बापानं तुमच्या घरात आजवर एक कप चहासुद्धा मागून घेतला नाही. आज पहिल्यांदा काहीतरी मागितलंय. ह्यांनी फेस पुसला आणि राउटरच्या पानात गेले. पासवर्ड कान्ह्यापर्यंतच ठेवला. लगेच वरून हाका, "आंटी, वायफाय गेलं!" मी जिन्यातून ओरडून तीन स्टेशनं सांगितली. एकानं विचारलं, "म्हणजे कॅब बुक करायची का?"

पुन्हा रिमोट. मळवली, कामशेत, कान्हे. यावेळी चौकटीत मावलं. ओके. गोल गोल. गोल गोल. आणि, "जोडता आले नाही."

पुन्हा. "जोडता आले नाही."

"बघ, लहान पासवर्डालाही नाहीच म्हणतोय," हे म्हणाले. "म्हणजे पासवर्डाचा दोष नव्हताच." चेहऱ्यावर समाधान! नाचता येईना अंगण वाकडं, पण इथे तर अंगण वाकडं निघालं म्हणून नाचणारा खूश.

माझ्या मोबाईलवर मी घाटाचा आवाज लावून ठेवला होता. निवेदक एकेका गाड्याची नावं पुकारत होता, बारी सुटली की "भिर्रर्र" आणि लोकांचा कल्ला. दर वेळी आबा मान उंचावत. "आपला का?" नाही आबा. "आता?" नाही. मोबाईल त्यांच्या डोळ्यांपुढे धरला, जवळ धरला, लांब धरला. त्यांनी तो हळूच बाजूला केला. "कडंनं माणसं दिसत्यात. मधी काईच न्हाई. बैल मधीच पळतो ना बाय."

हे म्हणाले, "नंतर व्हिडिओ राहतोच, उद्या दाखवू."

"उद्या बैल खेडात असेल," मी म्हटलं.

मग ह्यांना वायरची आठवण झाली. राउटरपासून टीव्हीला सरळ वायर लावली तर पासवर्डाचा प्रश्नच नाही. हे खरंच होतं. टीव्हीच्या पाठीत तसं भोक होतं. पण राउटर पुढच्या दिवाणखान्यात, टीव्ही मागच्या खोलीत भिंतीला बोल्टनं पक्का, ह्यांनीच ठोकलेला, म्हणजे काढायचा तर भिंतीसकट निघेल. आणि घरात होती ती वायर हातभर. "लोणावळ्यातून लांब वायर आणतो, गेलो आणि आलो," म्हणून स्कूटर काढली. रविवारची दुपार, सुट्टीचा दिवस, सगळं पुणे-मुंबई चिक्की घ्यायला लोणावळ्यात उतरलेलं. मी तोंड उघडेपर्यंत स्कूटर गेटाबाहेर.

थोड्या वेळानं फोन. मागे हॉर्न. "अगं, चौकात अडकलोय. पुढे बस आडवी आहे."

"ठेवा," म्हटलं.

आता घरात मी आणि आबा. आबांची बोटं चादरीची कड चिमटीत धरत होती आणि सोडत होती. मी दोन खोल्यांत येरझारा घालत होते. पुढे जायचं, राउटरकडे रागानं बघायचं, मागे यायचं, टीव्हीकडे बघायचं. जसं काही माझ्या बघण्यानं दोघांची सोयरीक जुळणार होती. ओट्यावर भात लागला, त्याचा वास आला, तो तसाच बंद केला.

"टीव्ही मोडला का?" आबांनी विचारलं.

"मोडला नाही. परवापर्यंत चालत होता."

"मग परवा काय बदाललं?"

मी म्हटलं, पासवर्ड. आणि म्हणता म्हणता थांबले. पासवर्ड तर आता लहान होता, आणि टीव्ही तो चुकलाय असंही म्हणत नव्हता. तो फक्त जोडता येत नाही म्हणत होता. ह्यांनी शुक्रवारी आणखी काय केलं असेल? ज्या माणसाला एका स्क्रूवर समाधान नाही तो एका पासवर्डावर थांबला असेल होय!

राउटरच्या बुडाला चिकटलेल्या पट्टीवरून आत शिरायचा पत्ता आणि शब्द घेतला आणि मोबाईलवरून त्या पानात गेले. मेनूत मेनू, त्यात मेनू. घोडं नेमकं कुठे पेंड खातंय ते शोधत होते आणि मागून निवेदकाचा आवाज चालूच. एके ठिकाणी सुरक्षेचा प्रकार म्हणून यादी होती. ह्यांनी त्यातला सगळ्यात शेवटचा निवडला होता, डब्ल्यूपीए थ्री. शेवटचा म्हणजे सगळ्यात नवा, नवा म्हणजे सगळ्यात पक्का, ह्यांचा हिशोब कळत होता. तो चूकही नव्हता. आमचे मोबाईल नवे, पाहुण्यांचे नवे, कॅमेरा गेल्याच दिवाळीतला. त्यांना ती भाषा येत होती. टीव्ही ज्या काळात तयार झाला त्या काळी ही पद्धत निघालीच नव्हती. त्याला शब्द बरोबर सांगून उपयोग काय? दारावरचा माणूस ज्या रीतीनं ओळख विचारत होता ती रीतच त्याला कुणी शिकवलेली नव्हती. बिचारा दारातून परत येत होता आणि आम्ही त्यालाच शिव्या देत होतो.

यादीत एक मधला पर्याय होता, जुनं आणि नवं दोन्ही चालेल असा. म्हटलं, सगळ्यांचंच भलं. तो निवडला आणि जतन केलं. त्याबरोबर माझा मोबाईल सुटला, निवेदक अर्ध्या वाक्यात गप्प झाला. वरून पुन्हा, "आंटी!"

"थांबा जरा! माणसं मरत नाहीत वायफायवाचून!" मी ओरडले. एरवी पाहुण्यांशी मी अशी बोलत नाही.

टीव्हीवर गेले. गोल गोल. आबा विचारतायत, "आवाज का गेला? आपली बारी झाली का गं?" मला माहीत नव्हतं. खरंच माहीत नव्हतं. झालीही असेल. "जोडता आले नाही." मधल्या पर्यायालाही काही जुनी यंत्रं बिचकतात, हे मला नंतर समजलं. त्या वेळी नुसतं रडू आलं. माझ्या बापाचा एक बैल, एक दुपार, आणि मी एवढी शिकलेली बाई एका डब्यापुढे हात जोडून उभी. अडला हरी गाढवाचे पाय धरी, दुसरं काय.

पुन्हा पानात. यावेळी मधलं-बिधलं काही नाही, सरळ जुना प्रकार, डब्ल्यूपीए टू. जतन. मोबाईल पुन्हा सुटला. टीव्हीला आधीचं सगळं विसरायला लावलं आणि नव्यानं मळवलीपासून सुरू. कामशेतमध्ये एक अक्षर चुकलं, मागे आले. कान्हे. ओके.

गोल गोल.

"जोडले गेले."

मी मोठ्यानं काहीतरी ओरडले असणार, कारण आबा दचकले. यूट्यूब उघडलं, त्या टीव्हीच्या वयाला शोभेल अशा सावकाशीनं. आबांनी मागच्या वेळी बघितलेल्यांत तीच घाटाची पोरं वरच होती. दाबलं. आधी साबणाची जाहिरात लागली. आणि मग घाट आला, भिंतभर, पिवळा भंडारा, माणसांच्या भिंती, मधून चढत गेलेली मातीची वाट.

"आं," आबा म्हणाले. एवढंच. पुढे सरकून बसले.

मोबाईल परत जोडला तर निवेदक नेमकं आमच्या गावाचं नाव घेत होता. टीव्हीवर मात्र अजून कुणाचा तरी दुसराच गाडा उभा. टीव्ही मोबाईलच्या मागे चालत होता, अर्धा-पाऊण मिनिट तरी. म्हणजे जे व्हायचं ते घाटावर आत्ता होत होतं आणि माझ्या हातातला मोबाईल ते आबांच्या आधी सांगून टाकणार होता. मी त्याचा आवाज बंद केला आणि पालथा घालून उशीखाली दाबला. मला स्वतःलाही ऐकायचं नव्हतं.

मग टीव्हीवरही गावाचं नाव आलं. चार बैल आणले. आमचा पांढरा पुढच्या जोडीत. त्याला धरायला भाऊ नव्हता. भाऊ बाजूला उभा, हात छातीशी बांधून. पांढऱ्याच्या वेसणीला एक अनोळखी माणूस होता, ठेंगणा, पांढरी टोपी. तोच गाडामालक असणार. त्यानं मानेखाली हात घातला. आता बसेल, आता बसेल. आबांची जीभ टाळ्याला लागली, टक्‌टक्‌ असा बारीक आवाज आला, त्यांच्या नकळत.

पांढरा बसला नाही. त्यानं त्या माणसाच्या दंडाला नाक लावलं, एकदा मान झटकली आणि जुवाखाली उभा राहिला. घोडी सुटली, माणसं बाजूला पडली, आणि भिर्रर्र! धुळीचा लोट, त्यातून पांढरी पाठ वर वर, निशाण, टोप्या हवेत, भंडारा. संपलं. मी टाळ्या पिटत होते. निवेदकाचा घसा फाटत होता, दिवसातली सगळ्यात चांगली बारी म्हणत होता. "आबा! बघितलं का? आबा, पळाला!"

"बघितलं," आबा म्हणाले. डोळ्यांतून पाणी गालावर आलं होतं, ते पुसायचं त्यांच्या लक्षात नव्हतं.

भावाचा फोन आला. तो ओरडतच होता. "आबा, बघितलं न्हवं! आवो, सगळा घाट वेडा झाला! म्या सांगून टाकतो त्यांला, न्हाई इकायचा म्हून. सांबाळतो मी, काय बी करतो!" मी मान हलवून हसत होते, आबांनी आता फक्त व्हय म्हणायचं होतं.

"दे त्याला," आबा म्हणाले.

पलीकडे सगळा गोंगाट तसाच. भाऊ म्हणाला, "आवो पण पळाला की चांगला!"

"पळाला म्हूनच. खाली बसला असता तर घरी ठेवला असता. माज्याबिगर उभा ऱ्हात न्हाई म्हनलं तर कुनाच्या गळ्यात घालनार त्याला? आता ऱ्हायला उभा. त्या मान्साला सांग, उनातनं आल्याव लगीच पाणी पाजू नको. टेम्पोत गवात आथर. जा."

फोन ठेवला. मला काही कळेना. आज सकाळपासून मी जिवाचा आटापिटा केला तो त्यांनी बैल पळताना बघावा आणि ठेवावा म्हणून. आणि हा माणूस पळण्याकडे बघतच नव्हता. तो बघत होता ते फक्त सुटायच्या आधीचं, दुसऱ्याचा हात त्याला चालतो का तेवढं. मला रागच आला. "आबा, मग दिवाळीला गावाला कशाला जायचं म्हणता? कुणासाठी?"

ते उत्तर द्यायच्या आधी हे आले. घामाघूम, हातात वायरीचं हे एवढं भेंडोळं. चालू टीव्ही बघून दारातच थांबले. भेंडोळं कोपऱ्यात ठेवलं आणि सासऱ्याच्या पायाशी स्टुलावर बसले.

"पाव्हणं," आबा त्यांना म्हणाले, "बाजारात परत कवा जानार?"

"लागलं तर आत्ता जातो. काय आणू?"

"चपला आना एक जोड. मऊ. आता हितंच, घरातल्या घरात घालायच्या."

घरात चपला घालणाऱ्या शहरातल्या माणसांना माझा बाप आयुष्यभर हसत आला होता. हे उठले, पायाचं माप घ्यायला वर्तमानपत्राचा कागद शोधायला गेले. मी खाली बसले आणि आबांचा पाय हातात धरला, कागद येईपर्यंत.